चारशे मीटर, तीन माध्यमे: भौतिक स्तराच्या परीक्षेसाठी केलेल्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

भौतिक स्तराच्या प्रश्नपत्रिकेत फायबर, तांबे आणि रेडिओ यांची तुलना करा असा प्रश्न हमखास असतो आणि त्याचे उत्तर बहुतेक जण एका तक्त्याने देतात: क्षीणन कमी, मध्यम, जास्त, बँडविड्थ जास्त, मध्यम, कमी, व्यत्यय नाही, थोडा, पुष्कळ. हा तक्ता चुकीचा नाही, पण त्यातील एकाही शब्दावरून कोणताही दुवा चालेल की नाही हे सांगता येत नाही. म्हणून मी आणि माझ्या सहकाऱ्याने या प्रकल्पासाठी एकच उदाहरण धरले आहे: एकमेकींपासून ४०० मीटर अंतरावर असलेल्या दोन इमारती आणि त्यांच्यामध्ये सेकंदाला १ गिगाबिट नेण्याची गरज. हे अंतर मुद्दाम निवडले आहे. ते तांब्याला जास्त आहे, फायबरला नगण्य आहे आणि रेडिओच्या दृष्टीने सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे.

तिन्ही माध्यमांसाठी आकडे काढायचे, शक्य तेथे प्रयोगशाळेत पडताळायचे आणि आकडे व अनुभव जुळले नाहीत तर कारण शोधायचे, असे ठरले.

८ जानेवारी

पहिल्याच दिवशी एक गोष्ट उलटीपालटी झाली. ४०० मीटर अंतरावरील क्षीणनाचे ढोबळ आकडे आम्ही फळ्यावर मांडले. सिंगल मोड फायबरच्या काचेत १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला सुमारे ०.१४ डेसिबल, कॅट-५ई केबलच्या एका जोडीत ६२.५ मेगाहर्ट्झला ६८ डेसिबल आणि मोकळ्या अवकाशात २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीला ९२ डेसिबल. गिगाबिट इथरनेट चारही जोड्यांवर सेकंदाला १२५ दशलक्ष चिन्हे पाठवते, त्यामुळे त्याच्या सिग्नलचा महत्त्वाचा भाग ६२.५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. तांब्यासाठी ही वारंवारता त्या कारणाने घेतली.

या आकड्यांवरून क्रम लावला तर रेडिओ सर्वांत वाईट ठरतो. प्रत्यक्षात मात्र ४०० मीटरवर रेडिओचा दुवा जोडला जातो आणि तांब्याचा गिगाबिट दुवा जोडलाच जात नाही. ज्याचे क्षीणन २४ डेसिबलने अधिक, म्हणजे ज्याच्या सिग्नलची शक्ती आणखी सुमारे २५० पटींनी घटते, तेच माध्यम चालते. ही विसंगती सोडवणे हाच यापुढे प्रकल्पाचा गाभा राहील, असे आजच्या नोंदीत लिहून ठेवतो.

अंतर दुप्पट केल्यावर काय होते हेही पाहिले, कारण परीक्षेत विद्यार्थी येथेच घसरतात. केबलमध्ये, मग ती तांब्याची असो वा काचेची, प्रत्येक मीटर शक्तीचा ठरावीक अंश खातो, त्यामुळे डेसिबलमधील क्षीणन अंतराच्या प्रमाणात वाढते: ८०० मीटरवर तांब्याचे ६८ चे १३६ होतात आणि फायबरचे ०.१४ चे ०.२८. मोकळ्या अवकाशात लहर कोणी खात नाही, ती केवळ वाढत्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरत जाते, म्हणून अंतर दुप्पट झाले की शक्ती चौपट घटते. डेसिबलमध्ये ही वाढ सदैव ६ च असते, मग अंतर ४०० चे ८०० मीटर होवो वा ४ चे ८ किलोमीटर. रेडिओचे ९२ चे ९८ झाले, एवढेच. «डेसिबल प्रति किलोमीटर» हे एकक मोकळ्या अवकाशातील रेडिओला लावता येत नाही, याचे कारण हेच.

१२ जानेवारी

तांब्याचे क्षीणन आज नीट मांडले. कॅट-५ई केबलच्या १०० मीटरसाठी मानकात दिलेली कमाल मर्यादा खालील सूत्राने येते. `f` मेगाहर्ट्झमध्ये आणि उत्तर डेसिबलमध्ये.

```
IL = 1.967*sqrt(f) + 0.023*f + 0.050/sqrt(f)
```

पहिले पद सर्वांत मोठे असून ते वर्गमुळात आहे, यामागे त्वचा परिणाम आहे. वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळ गोळा होतो. तांब्यात १ मेगाहर्ट्झला प्रवाहाची खोली सुमारे ६६ मायक्रोमीटर असते, तर ६२.५ मेगाहर्ट्झला ती साडेआठ मायक्रोमीटरच्याही आत येते. अर्धा मिलिमीटर जाड तारेचा बहुतेक गाभा तेव्हा रिकामाच बसलेला असतो आणि पातळ कवचाचा रोध वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दुसरे पद प्रामुख्याने तारांवरील प्लास्टिकच्या आवरणात होणाऱ्या ऱ्हासाचे आहे. ते वारंवारतेच्या सरळ प्रमाणात वाढते, म्हणून वरच्या टोकाला त्याचा वाटा जाणवू लागतो.

सूत्रात आकडे घातले की १०० मीटरला ४ मेगाहर्ट्झवर सुमारे ४, २५ मेगाहर्ट्झवर १०.४, ६२.५ वर १७ आणि १०० वर २२ डेसिबल मिळतात. याचा अर्थ असा की तांब्याच्या केबलचे क्षीणन किती, हा प्रश्न वारंवारता सांगितल्याशिवाय अपुराच राहतो. त्याचा दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे. एकाच स्पंदातील कमी वारंवारतेचे घटक थोडे आणि जास्त वारंवारतेचे घटक पुष्कळ घटतात, त्यामुळे स्पंद लहान तर होतोच, शिवाय त्याच्या कडा बोथट होऊन त्याचे शेपूट पुढच्या चिन्हात शिरते. ग्राहकाकडील समकारक हा असमतोल भरून काढतो, पण त्यासाठी तो वरच्या वारंवारता वर्धित करतो आणि त्यांच्यासोबत तेथील नॉइजही वाढवतो.

१५ जानेवारी

विसंगतीचे उत्तर आज निम्मे सापडले.

कॅट-५ई केबलमध्ये चार जोड्या एकाच आवरणात असतात. एका जोडीवर आपण मोठ्याने बोलत असतो आणि शेजारच्या जोडीवर दूरवरून आलेले कुजबुजणे ऐकत असतो. बोलण्याचा जो भाग त्याच टोकाला शेजारच्या जोडीत गळतो, त्याला निकट टोकाचा क्रॉसटॉक किंवा नेक्स्ट म्हणतात. मानकाप्रमाणे १०० मेगाहर्ट्झला हा गळलेला सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा किमान ३५.३ डेसिबलने खाली असावा लागतो, आणि वारंवारता कमी झाली की ही सुरक्षितता वाढते:

```
NEXT = 35.3 - 15*log10(f/100)
```

६२.५ मेगाहर्ट्झला हा आकडा सुमारे ३८.४ डेसिबल होतो. आता प्रेषकाने १ व्होल्टचा सिग्नल सोडला असे समजू. १०० मीटरवर १७ डेसिबल क्षीणनानंतर पलीकडून आलेला सिग्नल सुमारे १४१ मिलिव्होल्ट उरतो, तर आपल्याच प्रेषकाची शेजारच्या जोडीतील गळती सुमारे १२ मिलिव्होल्ट असते. हवे ते नको त्याच्या जवळपास बारा पट आहे. ४०० मीटरवर हवा असलेला सिग्नल ६८ डेसिबलने घटून ०.४ मिलिव्होल्ट राहतो, पण गळती मात्र १२ मिलिव्होल्टच राहते, कारण ती आपल्याच टोकाजवळच्या काही मीटरांत होते आणि केबलची एकूण लांबी तिला ठाऊकही नसते. आता नको ते हव्या त्याच्या तीस पट झाले.

क्रॉसटॉकची सुरक्षितता आणि क्षीणन यांतील फरकाला एसीआर म्हणतात. आम्ही वरची दोन्ही सूत्रे घेऊन, हा फरक कोणत्या वारंवारतेला शून्य होतो ते शोधले. २०० मीटरसाठी ती वारंवारता सुमारे ७४ मेगाहर्ट्झ आणि ४०० मीटरसाठी सुमारे २७ मेगाहर्ट्झ आली. तांब्याची बँडविड्थ म्हणून वेगळा असा गुणधर्म नाही, हे मला या दोन आकड्यांनी पटवले. क्षीणन आणि क्रॉसटॉक यांच्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात ती जागाच बँडविड्थ ठरवते, आणि लांबी वाढली की ती जागा झपाट्याने खाली सरकते.

एक खुलासा आवश्यक आहे. गिगाबिटचे चिप नेक्स्ट मुकाट्याने सोसत नाहीत. आपणच काय पाठवले हे त्यांना माहीत असल्याने त्या गळतीची प्रतिकृती तयार करून ते ती वजा करतात, तसेच एकाच जोडीवर दोन्ही दिशांनी बोलत असल्यामुळे येणारा प्रतिध्वनीही वजा करतात. मात्र ही वजाबाकी अचूक नसते, आणि बाहेरून आलेल्या नॉइजची प्रतिकृती करताच येत नाही. १०० मीटरची मर्यादा या सगळ्याचा हिशेब धरून ठेवलेली आहे.

१९ जानेवारी

प्रयोगशाळेत आम्ही स्वतः टोके बसवलेली ३० मीटरची केबल आज अडली. आठ दिव्यांचा साधा तपासणी संच लावला असता आठही दिवे क्रमाने लागले, तरीही दुवा गिगाबिटवर कधी जोडला जाई, कधी नाही, आणि जोडला गेल्यावर त्रुटींची मोजणी वाढत राही. केबल लहान होती, म्हणजे क्षीणनाला दोष देता येत नव्हता.

अर्धा तास गेल्यावर कारण समजले. टोके बसवताना सहकाऱ्याने रंगांच्या जोड्या सरळ क्रमाने लावल्या होत्या: १-२, ३-४, ५-६, ७-८. वास्तविक मधल्या दोन जोड्या ४-५ आणि ३-६ अशा लागतात. दोन्ही टोकांना एकच चूक असल्याने प्रत्येक तार योग्य क्रमांकापर्यंत पोहोचत होती आणि दिव्यांना त्यात काहीच वावगे दिसत नव्हते. पण ३ आणि ६ यांवरचा सिग्नल आता एकमेकींत पिळलेल्या दोन तारांतून न जाता, दोन निरनिराळ्या जोड्यांतील एकेका तारेतून जात होता, आणि त्याच दोन जोड्यांतील उरलेल्या तारांवर ४-५ चा सिग्नल होता.

पिळाचे काम यावरून जितके स्पष्ट झाले तितके व्याख्येवरून झाले नव्हते. ग्राहक दोन तारांमधील व्होल्टतेचा फरक पाहतो. बाहेरचा व्यत्यय दोन्ही तारांवर सारखाच बसला तर फरकातून तो नाहीसा होतो, आणि तो सारखा बसावा यासाठी पिळामुळे तारा दर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरला जागा बदलतात. चारही जोड्यांचे पिळ वेगवेगळ्या लांबीचे ठेवतात, नाहीतर शेजारच्या जोड्या एकमेकींशी जुळून चालतील आणि गळती रद्द होणार नाही. आमच्या केबलमध्ये जोडीच फुटल्यामुळे हे रद्द होणे संपले. नेक्स्ट मोजणारे यंत्र लावले असते तर ३-६ आणि ४-५ यांच्यामधील आकडा घसरलेला लगेच दिसला असता. नुसत्या सातत्याच्या चाचणीला हा दोष दिसत नाही. टोके पुन्हा बसवली, आणि या वेळी पिळ उलगडण्याची १३ मिलिमीटरची मर्यादाही पाळली.

२४ जानेवारी

फायबर. काचेतील क्षीणनाचे मुख्य कारण रॅले विकिरण हे आहे. काच थंड होताना तिच्या घनतेतील सूक्ष्म चढउतार जागच्या जागी गोठतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरतो. हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून १३१० वरून १५५० नॅनोमीटरवर गेले की ते जवळजवळ निम्मे होते, सुमारे ०.३५ डेसिबल प्रति किलोमीटरचे सुमारे ०.२ होतात, ते यामुळेच. आणखी पुढे गेल्यास काच स्वतःच अवरक्त किरण शोषू लागते, त्यामुळे १५५० च्या आसपासचा भाग दोन भिंतींमधील दरीसारखा आहे. १३८३ नॅनोमीटरजवळ पाण्याच्या अंशामुळे येणारा उंचवटा जुन्या फायबरमध्ये ठळक असे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी क्षीणन २० डेसिबल प्रति किलोमीटरपर्यंत आणता आले तर काचेतून दूरसंचार शक्य होईल असे मांडले होते. आज आपण त्याच्या शंभराव्या भागाबद्दल बोलतो.

आमच्या ४०० मीटरचा हिशेब असा: काच ०.१४, दोन कनेक्टर प्रत्येकी ०.५ धरून १.०, दोन जोड प्रत्येकी ०.१ धरून ०.२, एकूण १.३४ डेसिबल. गिगाबिटच्या १३१० नॅनोमीटर मॉड्युलची किमान प्रेषित शक्ती उणे ११ डीबीएम आणि ग्राहकाची संवेदनशीलता उणे १९ डीबीएम, म्हणजे हाती ८ डेसिबल आहेत. लहान दुव्यात काच जवळजवळ काहीच खात नाही; जे जाते ते टोकांना जाते. परीक्षेत केवळ लांबी गुणिले क्षीणन एवढेच लिहिणाऱ्याचे उत्तर येथे दहापटीने चुकते.

२५ जानेवारी

कालचा हिशेब फायबरच्या रिळावर पडताळून पाहिला. प्रकाशस्रोत व शक्तिमापक लावून १३१० नॅनोमीटरला १.५ डेसिबल मिळाले, ते ठीकच होते. पण १५५० ला ४.८ मिळाले. काच तर १५५० ला कमी खाते, मग हा आकडा उलटा का?

कनेक्टरवरची धूळ किंवा वाईट जोड असता तर दोन्ही तरंगलांबींना साधारण सारखेच नुकसान दिसले असते. केवळ लांब तरंगलांबीलाच मोठा फटका बसला तर प्रथम बाक शोधावा. लांब तरंगलांबीचा प्रकाश गाभ्यात तितका घट्ट बांधलेला नसतो, त्याचा बराच भाग भोवतालच्या आवरणात पसरलेला असतो, आणि तीव्र वळणावर तो भाग आतल्या भागाची साथ सोडून बाहेर निसटतो. शोधल्यावर कपाटाच्या दाराच्या बिजागरीपाशी पॅचकॉर्ड दुमडलेली सापडली. ती सोडवताच १५५० चा आकडा १.२ वर आला. १३१० वर चालणाऱ्या गिगाबिट दुव्याला हा दोष कधीच जाणवला नसता; पुढे कोणी त्याच फायबरवर १५५० चे उपकरण लावले असते तेव्हा तो उघडा पडला असता.

३० जानेवारी

फायबरची बँडविड्थ तांब्याप्रमाणे क्षीणनातून येत नाही. प्रकाशाची वारंवारता १५५० नॅनोमीटरला सुमारे १९३ टेराहर्ट्झ आहे. तीवर आपण १० गिगाहर्ट्झने माहिती चढवली तरी क्षीणनाच्या दृष्टीने आपण जवळपास त्याच जागी असतो, त्यामुळे माहितीचा वेग वाढवल्याने काच अधिक प्रकाश खात नाही. मर्यादा येते ती अपस्करणामुळे, म्हणजे स्पंदाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या वेळी पोहोचल्यामुळे.

मल्टिमोड फायबरमध्ये प्रकाश अनेक मार्गांनी जातो, त्यामुळे पसरण मोठी असते आणि ती मेगाहर्ट्झ-किलोमीटर या गुणाकारात सांगतात. ५०० मेगाहर्ट्झ-किलोमीटरचे फायबर आमच्या ०.४ किलोमीटरवर १२५० मेगाहर्ट्झ देते, म्हणून ८५० नॅनोमीटरचा गिगाबिट त्यावर चालतो. जुन्या २०० मेगाहर्ट्झ-किलोमीटरच्या फायबरवर मात्र मानकाने मर्यादा २७५ मीटरच ठेवली आहे. तेथे प्रकाश पुरेसा पोहोचतो, पण स्पंद ओळखू येत नाहीत. शक्तिमापक सगळे ठीक असल्याचे सांगतो आणि त्रुटी तरी येतातच, ही या दोषाची खूण आहे.

सिंगल मोडमध्ये उरते ते रंगीय अपस्करण: १५५० नॅनोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर प्रति किलोमीटर. सेकंदाला १० गिगाबिटच्या सिग्नलची वर्णपटातील रुंदी ढोबळमानाने ०.१ नॅनोमीटर धरली तर ८० किलोमीटरवर पसरण १३६ पिकोसेकंद होते, तर एका बिटचा अवधी १०० पिकोसेकंदच आहे. त्याच अंतरावरील क्षीणन अवघे १६ डेसिबल आहे. फायबरला प्रकाश संपण्याआधी बिटांची सरमिसळ अडवू शकते. १३१० च्या जवळ रंगीय अपस्करण शून्यापाशी येते, पण तेथे क्षीणन जास्त; दोन्ही सोयी एकाच ठिकाणी साध्या फायबरमध्ये मिळत नाहीत.

व्यत्ययाबद्दल थोडक्यात. काचेत वाहक नसल्याने बाहेरचे विद्युतचुंबकीय क्षेत्र तीत प्रवाह निर्माण करू शकत नाही, आणि मोटार, वीज किंवा रेडिओ यांच्या वारंवारता प्रकाशाच्या वारंवारतेपासून इतक्या दूर आहेत की प्रकाशसंवेदक त्यांना प्रकाश समजणे संभवत नाही. तथापि फायबरच्या दोन्ही टोकांची उपकरणे विजेचीच असतात, त्यामुळे «व्यत्ययमुक्त» हा शब्द काचेपुरता खरा आहे.

४ फेब्रुवारी

रेडिओचा हिशेब. `d` किलोमीटरमध्ये व `f` मेगाहर्ट्झमध्ये घेतल्यास:

```
FSPL = 32.44 + 20*log10(d) + 20*log10(f)
```

०.४ किलोमीटर आणि २४०० मेगाहर्ट्झ घातले की ९२.१ डेसिबल येतात. सूत्रात वारंवारता दिसते म्हणून हवा उच्च वारंवारतेला जास्त शोषते असा निष्कर्ष अनेक उत्तरांत आढळतो, पण तो चूक आहे. सूत्रात दोन्ही टोकांना सर्व दिशांना सारखा असलेला अँटेना गृहीत धरला आहे, आणि अशा अँटेनाचे ग्रहणक्षेत्र तरंगलांबीच्या वर्गाप्रमाणे लहान होते. लहर तेवढीच पोहोचते, आपली ओंजळ लहान होते.

१०० मिलिवॅट, म्हणजे २० डीबीएम, प्रेषित केले तर ग्राहकाकडे उणे ७२.१ डीबीएम येतात. २० मेगाहर्ट्झ रुंदीत उष्णतेचा नॉइज उणे १०१ डीबीएम असतो; ग्राहकाची स्वतःची भर ६ डेसिबल धरली तर उणे ९५. सिग्नल नॉइजच्या २३ डेसिबल वर आहे. ८ जानेवारीच्या विसंगतीचे उरलेले निम्मे उत्तर येथे आहे: ४०० मीटरच्या तांब्यात ०.४ मिलिव्होल्टच्या विरुद्ध १२ मिलिव्होल्टची गळती उभी होती, तर येथे, हवा शांत असेल तर, फक्त उष्णतेचा नॉइज उभा आहे. किती गेले यापेक्षा जे उरले ते कशाच्या शेजारी उरले, हे ठरवणारे आहे.

शॅननच्या सूत्राने २० मेगाहर्ट्झ आणि २३ डेसिबलला वरची मर्यादा सेकंदाला सुमारे १५३ मेगाबिट मिळते. १ गिगाबिट त्यात बसत नाही. दोन्ही टोकांना १५ डेसिबलचे दिशादर्शी अँटेना लावून शक्ती हजार पट वाढवली, आणि प्रसारणाच्या नियमांनी ती परवानगी दिली असे धरले, तरी मर्यादा सुमारे ३५० मेगाबिटवर जाते, कारण शक्ती लॉगॅरिदमच्या आत आहे आणि बँडविड्थ बाहेर. रेडिओत बँडविड्थ ही माध्यमाची मर्यादा नसून वाटणीची आहे: अवकाश सर्व वारंवारता नेऊ शकतो, पण आपल्या वाट्याला २० किंवा ४० मेगाहर्ट्झच येतात, कारण बाकीच्या दुसऱ्या कोणाच्या आहेत.

७ फेब्रुवारी

आता हवा शांत नाही असे धरू. त्याच चॅनेलवर कोणीतरी परका प्रेषक आहे आणि त्याचा सिग्नल आमच्या ग्राहकाकडे उणे ८० डीबीएमने येतो. हा आमच्या सिग्नलपेक्षा आठ डेसिबलने दुबळाच आहे, तरी नॉइजची पातळी उणे ९५ वरून जवळजवळ उणे ८० वर चढते, २३ डेसिबलचे जेमतेम ८ उरतात आणि शॅननची मर्यादा १५३ वरून सुमारे ५६ मेगाबिटवर येते. अंतर बदलले नाही, अँटेना हलला नाही, क्षीणन तेच आहे. तांब्यातील शेजारी जोडीप्रमाणे हा शेजारी आपल्या ताब्यात नाही. त्याने काय पाठवले हे माहीत नसल्याने ते वजाही करता येत नाही.

वाय-फायमध्ये याचे रूप आणखी वेगळे दिसते. परका प्रेषक त्याच पद्धतीचा असेल आणि ऐकू येत असेल तर आपला प्रेषक थांबून राहतो, त्यामुळे त्रुटी वाढत नाहीत, विलंब वाढतो. सिग्नलची पातळी उत्तम असूनही दुवा मंद असेल तर पातळी पाहत बसू नये, चॅनेल किती वेळ व्यग्र आहे ते पाहावे.

स्वतःच्याच लहरीचा व्यत्ययही असतो. भिंतीवरून परावर्तित होऊन ३० मीटर अधिक चालून आलेली लहर १०० नॅनोसेकंद उशिरा पोहोचते आणि दर १० मेगाहर्ट्झला एक खळगा पाडते, म्हणजे २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये साधारण दोन. शिवाय डोळ्यांना समोरचा अँटेना दिसला म्हणजे मार्ग मोकळा झाला असे नाही: ४०० मीटरच्या मध्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सुमारे साडेतीन मीटर येते, आणि तिचा साधारण साठ टक्के भाग, म्हणजे दोन मीटरांहून थोडा अधिक, मोकळा हवा. अँटेना दोन मीटर उंचीच्या खांबावर लावला तर जमीनच त्यात शिरते आणि मोकळ्या अवकाशाचे सूत्र आशावादी ठरते.

११ फेब्रुवारी

सराव म्हणून सहकाऱ्याने एक प्रश्न काढला: फायबरचे क्षीणन रेडिओपेक्षा नेहमीच कमी असते का? मी लगेच «होय» म्हटले, आणि ते चुकले.

मध्ये कोठेही वर्धक नाही असे धरून १५५० नॅनोमीटरला ०.२ डेसिबल प्रति किलोमीटर घेतले, तर १०० किलोमीटरवर फायबरचे क्षीणन २० डेसिबल असते, तर २.४ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या अवकाशातील लहरीचे १४०. पण फायबरची रेषा सरळ चढते आणि रेडिओची वाकत जाते, म्हणून त्या कोठेतरी भेटणारच. दोन्ही बाजू समान धरल्यावर उत्तर सुमारे ७९० किलोमीटर येते. तेथे दोघांचेही क्षीणन १५८ डेसिबल असते. १००० किलोमीटरवर फायबरचे २०० होतात आणि रेडिओचे १६०. भूस्थिर उपग्रहाच्या ३५,७८६ किलोमीटर उंचीसाठी रेडिओचे क्षीणन सुमारे १९१ डेसिबल आहे; तितक्या लांबीच्या काचेचे ७००० डेसिबलांहून अधिक झाले असते. प्रत्यक्षात लांब फायबरमध्ये साधारण दर ८० किलोमीटरला प्रकाशवर्धक बसवून ही सरळ रेषा पुन्हा पुन्हा खाली ओढली जाते, आणि अवकाशात वर्धक बसवायला मध्ये जागाच नसते.

उत्तरपत्रिकेत हा आलेख काढताना आडव्या अक्षावर अंतर साध्या मोजपट्टीने घ्यावे. लॉगॅरिदमची मोजपट्टी घेतली तर रेडिओची रेषा सरळ आणि फायबरची वर उसळणारी दिसते, आणि परीक्षकाला अक्षाचे नाव वाचल्याशिवाय दोन्ही रेषा उलट वाटतात.